बेसातला तीस बाय पन्नासचा प्लॉट: घराचा नकाशा वाचायचा कसा

मी नागपुरात घरांचे नकाशे काढतो, आणि गरज पडली की साईटवर जाऊन ते घरमालकांना समजावूनही सांगतो. मागच्या हिवाळ्यात बेसा भागातल्या एका घरी मला असंच बोलावलं होतं. नकाशा दुसरीकडून काढलेला होता. विटांचं काम खिडकीच्या उंचीपर्यंत आलं होतं आणि घरच्या काकू हॉलमध्ये टेप धरून उभ्या होत्या. "भाऊ, नकाशात हॉल साडेअकरा फूट लिहिला आहे ना? मग टेपवर अकरा फूट दीड इंच कसा काय येते?" मिस्त्री म्हणाला, "काकू, आम्ही नकाशाप्रमाणेच बांधलं." दोघंही खरंच बोलत होते. चूक कागदावर होती आणि ती कागदावरच पाच मिनिटांत सापडली असती. पण सुताराला साडेअकरा फुटी टीव्ही युनिट सांगून झालं होतं.

त्याच घराचा नकाशा समोर ठेवून पुढचं सगळं सांगतो. प्लॉट ३० बाय ५० फूट, रस्ता पश्चिमेला. मंजूर नकाशात समोर १० फूट, मागे ५ फूट आणि दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन फूट जागा सोडलेली. म्हणजे घर बाहेरून बाहेर २३ बाय ३५ फूट. तुमच्या प्लॉटला किती जागा सोडायची हे तुमच्या मंजूर नकाशातच बघा. शेजाऱ्याचा आकडा उचलू नका, कारण प्लॉट आणि रस्ता बदलला की नियमही बदलतो.

पहिलं काम: हातात कोणता कागद आहे ते ओळखा

घराचा "नकाशा" म्हणून जे देतात ते किमान तीन वेगळे कागद असतात. पहिला मंजुरीचा. तो मीटरमध्ये असतो, त्यावर शिक्के असतात आणि त्यात रंगांना अर्थ असतो. नवीन प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं जुनं बांधकाम पिवळ्या तिरप्या रेघांत, आणि सांडपाण्याची लाईन लाल तुटक रेघेत. दुसरा वर्किंग ड्रॉइंग. मिस्त्री त्यावरून बांधतो आणि आपल्याकडे तो बहुतेक फूट-इंचांत असतो. तिसरा आरसीसीचा, म्हणजे फुटिंग, कॉलम, बीम आणि सळई दाखवणारा.

तिन्ही कागदांवर उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. सगळ्यात आधी ती वाचा: कागदाचं नाव, तारीख, कितवी सुधारित प्रत आणि स्केल. साईटवर मला सर्रास दिसणारी गोष्ट म्हणजे मालकाच्या मोबाईलमध्ये तिसरी प्रत आणि मिस्त्रीच्या खिशात घडी घातलेली पहिली. नवी प्रत आली की जुनी साईटवरून परत घ्या आणि तिच्यावर पेनाने मोठी फुली मारा.

मीटर आणि फुटाचा घोळ दोन-तीन आकड्यांत सुटतो. नुसता ३०५० असा आकडा दिसला, पुढे काही लिहिलं नसेल, तर तो मिलिमीटर समजा, म्हणजे १० फूट. २३० म्हणजे ९ इंची भिंत, ११५ म्हणजे साडेचार इंची. आपलं २३ फूट रुंद घर मंजुरीच्या कागदावर ७.०१ मीटर दिसेल. आणि एक जागा खास जपायची: १०'-६" म्हणजे दहा फूट सहा इंच, १०.५' म्हणजेसुद्धा दहा फूट सहा इंच. पण १०.५ ला "दहा फूट पाच इंच" म्हणून वाचताना मी साईटवर स्वतः ऐकलं आहे. एक इंच तिथेच गेला. नकाशा काढणाऱ्याला सांगा की सगळी मापं फूट आणि इंच अशीच वेगळी लिही, टिंब नको.

स्केल: पट्टी लावायची ती फक्त तपासायला

स्केल १:१०० म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर १०० सेंटिमीटर, म्हणजे एक मीटर. मंजुरीचा मजल्याचा नकाशा बहुधा १:१०० असतो, वर्किंग ड्रॉइंग १:५०, आणि अख्खा प्लॉट किंवा लेआउट दाखवणारा १:५००. खालचा आकडा जितका लहान, तितकं चित्र मोठं.

गडबड प्रिंटच्या दुकानात होते. नकाशा ए३ कागदासाठी बनवलेला असतो. तुम्ही व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ कॉलनीतल्या झेरॉक्सवाल्याकडे देता आणि तो ए४ वर काढून देतो. चित्र सुमारे ७१ टक्के होतं, पण चौकटीत अजूनही "१:१००" छापलेलं असतं. आता १० फुटी खोलीला पट्टी लावा. ए३ वर ती साडेतीस मिलिमीटर भरायला हवी. ए४ वर ती साडेएकवीस भरेल, आणि १:१०० धरून हिशेब केला तर खोली सात फुटांच्या जवळपास येईल.

म्हणून नकाशावर पट्टी फक्त एकदाच लावायची. ज्याचं माप लिहिलेलं आहे अशी एखादी लांब रेघ घ्या, उदाहरणार्थ घराची २३ फूट रुंदी. १:१०० ला ती ७० मिलिमीटर भरली तर प्रिंट खरी आहे. ५० च्या आसपास भरली तर कागद लहान झाला आहे. त्यानंतर पट्टी ठेवून द्या. पुढे सगळं लिहिलेल्या आकड्यावर चालतं. आकडा आणि चित्र जुळत नसतील तर आकडा खरा धरतात. एखाद्या जागी आकडाच नसेल तर मोजून काढू नका, नकाशावाल्याला लिहायला लावा.

चार फुटांवर कापलेलं घर

चिन्हांची लांब यादी पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट डोक्यात बसवा. मजल्याचा नकाशा म्हणजे घर जमिनीपासून साधारण चार फुटांवर आडवं कापलं, वरचा भाग उचलून बाजूला ठेवला आणि वरून खाली बघितलं, तर जे दिसेल ते. दुधीभोपळा आडवा कापल्यावर त्याच्या तोंडाकडे बघतो तसं.

त्यातून रेघांचा अर्थ आपोआप निघतो. सुरी ज्यातून गेली त्या जाड रेघा: भिंती आणि कॉलम. कॉलम बहुधा पूर्ण काळा भरलेला चौकोन असतो. सुरीच्या खाली जे राहिलं ते बारीक रेघेत: ओटा, बेसिन, कमोड, पायऱ्या. आणि सुरीच्या वर जे आहे, जे खरं तर उचलून बाजूला ठेवलं, ते तुटक रेघेत: वरचा बीम, लॉफ्ट, खिडकीवरचा छज्जा, पोर्चचा स्लॅब. बाथरूमची झरोक्याची खिडकी चार फुटांच्या वर असते, म्हणून तीही तुटक दिसते.

तुटक रेघेकडे घरमालक सहसा बघतच नाहीत. या घराच्या हॉलच्या मधोमध एक तुटक जोडरेघ होती. काकांना वाटलं फरशीची डिझाईन असेल. तो बीम होता, स्लॅबच्या खाली एक फूट लोंबणारा. पंखा कुठे येईल, पीओपी करायचं का, हे त्या रेघेवर ठरतं. तुमच्या नकाशातल्या प्रत्येक तुटक रेघेवर बोट ठेवून विचारा, "इथे डोक्यावर काय आहे?"

चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली असेल तर तिथे स्लॅब नाही. तो डक्ट असतो किंवा वर आकाशाकडे उघडी ठेवलेली जागा. ती खोली म्हणून मोजू नका.

मापांची साखळी जोडून बघा

आता काकूंच्या हॉलकडे वळू. नकाशाच्या बाहेरच्या बाजूला मापांच्या दोन-तीन ओळी असतात. सगळ्यात बाहेरच्या ओळीत एकूण माप, आतल्या ओळीत तुकडे. दोन टोकांना बाण, टिंब किंवा तिरपी बारीक रेघ असते आणि मधे आकडा. माप नक्की कुठून कुठपर्यंत आहे हे त्या टोकांवरून कळतं, म्हणून आधी टोकं बघा, मग आकडा.

घराच्या रस्त्याकडच्या भागात डावीकडे बेडरूम आणि उजवीकडे हॉल आहे. नकाशात बेडरूम १०'-०" आणि हॉल ११'-६" लिहिलं होतं, एकूण बाहेरून २३'-०". कागद-पेन घ्या आणि डावीकडून चालत जा. बाहेरची भिंत ९ इंच. बेडरूम १० फूट. मधली भिंत साडेचार इंच. हॉल ११ फूट ६ इंच. परत बाहेरची भिंत ९ इंच. बेरीज करा: २३ फूट साडेचार इंच. एकूण माप २३ फूटच आहे. जास्तीचे साडेचार इंच म्हणजे बरोबर मधल्या भिंतीची जाडी. काढणाऱ्याने दोन्ही बाहेरच्या भिंती धरल्या आणि मधली विसरला.

जमिनीवर मात्र भिंत विसरता येत नाही. मिस्त्रीने बाहेरची २३ फूट पकडली, बेडरूम १० फूट दिली, मधली भिंत बांधली, आणि उरलं ते हॉलला आलं: ११ फूट दीड इंच. त्याने खरंच नकाशाप्रमाणे बांधलं होतं.

तुमच्या नकाशातही दोन्ही दिशांना, प्रत्येक खोलीतून जाईल अशी ही बेरीज करा. फरक ९ किंवा साडेचार इंचांचा आला तर कुठेतरी भिंत सुटली आहे किंवा दोनदा धरली आहे. फरक एक फूट किंवा सहा इंच असा आला तर बहुधा आकडा टाकतानाच चुकला आहे. विटांऐवजी जास्त किंवा कमी जाडीचे ब्लॉक वापरायचं मधेच ठरलं तर ही साखळी पुन्हा नव्याने जोडावी लागते, कारण भिंतीची जाडी बदलली की प्रत्येक खोलीचं माप सरकतं.

बेरीज जुळली तरी अजून एक वजाबाकी उरते. नकाशातलं खोलीचं माप विटेपासून विटेपर्यंतचं असतं. आतून प्लास्टर प्रत्येक भिंतीला साधारण अर्धा इंच, म्हणजे १० फुटी खोली हातात येते ती ९ फूट ११ इंचांची. भिंतीत बसवायचं कपाट किंवा पलंग त्यावरच मोजा. आणि साडेचार इंची भिंतीत ९ इंची कॉलम असेल तर तो साडेचार इंच एका खोलीत बाहेर येणारच. तो कोणत्या खोलीत काढायचा हे आताच ठरवा. बेडरूमच्या कपाटाच्या कोपऱ्यात गेला तर दिसत नाही, हॉलमध्ये आला तर आयुष्यभर दिसतो.

दारं-खिडक्यांची अक्षरं

दारावर इंग्रजी डी, खिडकीवर डब्ल्यू, झरोक्यावर व्ही, आणि पुढे आकडा. डी१ म्हणजे "पहिलं दार" नाही, डी१ या मापाचं दार. कोपऱ्यातल्या तक्त्यात त्याचं माप असतं, आधी रुंदी मग उंची. या घरात डी साडेतीन बाय सात फूट, डी१ तीन बाय सात, बाथरूमचं डी२ अडीच बाय सात. डब्ल्यू पाच बाय चार. हे माप भिंतीतल्या भोकाचं आहे की चौकटीच्या आतलं, ते सुताराला सांगण्याआधी विचारा. तीन फुटी भोकात चौकट बसली की चालायला तीन फूट राहत नाहीत.

दाराशी पाव वर्तुळाची रेघ असते. दार कुठे बिजागरीला आहे आणि कोणत्या बाजूला उघडतं ते ती दाखवते. त्या पाव वर्तुळात काही येता कामा नये: ना कपाट, ना बेसिन, ना दुसऱ्या दाराचं पाव वर्तुळ. लाईटचा बोर्ड बिजागरीच्या उलट बाजूला हवा, नाहीतर आत शिरून दार लोटून मग बटण चाचपडावं लागतं.

खिडकीची तळाची उंची नकाशात दिसत नाही, ती काढावी लागते. आपल्याकडे दारं-खिडक्यांचा माथा सहसा एकाच पातळीत, ७ फुटांवर ठेवतात. खिडकी ४ फूट उंच असेल तर तिचा तळ ३ फुटांवर. नागपुरात हा हिशेब कूलरसाठी करायचाच. डेझर्ट कूलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेवतात आणि तो साधारण दोन-अडीच फूट खोल असतो. बाजूला जागाच साडेतीन फूट. कूलर बसला की तिथून माणूस जेमतेम एका अंगाने जाईल. बेडरूमची खिडकी बाजूला असेल तर तिथल्या नळाचा, सांडपाण्याच्या चेंबरचा आणि मीटरचा रस्ता कुठून राहील ते नकाशावर पेन्सिलीने कूलर काढून बघा. शक्य असेल तर ती खिडकी मागच्या किंवा समोरच्या भिंतीत घ्या. आणि विजेच्या नकाशात कूलरचा पॉइंट आणि जवळ पाण्याची तोटी दाखवली आहे का ते आताच तपासा. एप्रिलमध्ये नवीन भिंत फोडताना फार वाईट वाटतं.

इथेच उत्तर दिशेचा बाणही बघून घ्या. कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर असं नसतं. या नकाशात रस्ता कागदाच्या तळाशी आहे आणि रस्ता पश्चिमेला, म्हणजे उत्तर डाव्या हाताला. हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला पडते आणि मे महिन्यातलं दुपारनंतरचं ऊन थेट तिच्यावर येतं. म्हणून तिथे छज्जा किती बाहेर आहे ती तुटक रेघ मोजण्यासारखी आहे. बाणाची खात्री प्लॉटवर उभं राहून मोबाईलच्या होकायंत्रावर करा, फक्त गाडीपासून आणि सळईच्या ढिगापासून लांब उभे राहा.

जिना मोजून काढा

जिन्यावर एक बाण असतो आणि "यूपी" लिहिलेलं असतं. बाण नेहमी खालून वर जातो. मधेच एक वेडीवाकडी तिरपी रेघ जिना कापते. घर चार फुटांवर कापलं ना, जिनाही तिथेच कापला गेला. त्याच्या पुढच्या पायऱ्या तुटक दिसतात.

या घरात फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच. एक पायरी ७ इंच उंच धरली तर १२६ भागिले ७, म्हणजे १८ चढ. दोन बाजूंना नऊ-नऊ. प्रत्येक बाजूला नऊ चढांना आठ पाय ठेवायच्या जागा लागतात, कारण नववं पाऊल पडतं ते चौकावर किंवा मजल्यावर. पाय ठेवायची जागा १० इंच धरली तर आठांना ८० इंच, म्हणजे ६ फूट ८ इंच.

आता नकाशातल्या पायऱ्यांच्या रेघा मोजा. एकूण चढ १४ च येत असतील तर १२६ भागिले १४, प्रत्येक पायरी ९ इंचांची. आजी-आजोबांना त्या जिन्याने गच्चीवर नेणं विसरा. नकाशात जिना छोटा दिसतो तेव्हा जागा वाचलेली नसते, ती पायऱ्यांच्या उंचीत गेलेली असते.

पातळी: शून्य कुठे मांडलं आहे?

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि नेमकी हीच मजल्याच्या नकाशात सगळ्यात बारीक अक्षरात असते. एक लहान वर्तुळ किंवा त्रिकोण, पुढे अधिक चिन्ह आणि आकडा. हॉलमध्ये +२'-०" लिहिलं होतं. बाथरूममध्ये हॉलपेक्षा कमी आकडा असतो, कारण तिथलं पाणी हॉलमध्ये येऊ नये म्हणून फरशी थोडी खाली ठेवतात. हे सगळं कशाच्या तुलनेत? कुठेतरी ±०.०० लिहिलेलं असतं. ते शून्य शोधा.

कोणी रस्त्याचा माथा शून्य धरतं, कोणी प्लॉटची जमीन, आणि कोणी तर घरातली फरशीच शून्य धरून बाहेरचं सगळं उणे लिहितं. तिन्ही बरोबर आहेत, फक्त कोणतं ते कळायला हवं. या नकाशात शून्य प्लॉटच्या जमिनीवर होतं. जोतं जमिनीपासून २ फूट वर, सहा इंचांच्या चार पायऱ्या, कागदावर छान. पण प्लॉट रस्त्यापेक्षा ९ इंच खाली होता. म्हणजे रस्त्यापासून जोतं उरलं सव्वा फूट. शहरात जिथे जिथे सिमेंट रस्ते झाले तिथे रस्ता उचलला गेला आणि जुनी अंगणं खाली राहिली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. अशा गल्लीत पुढे रस्ता आणखी आठ-दहा इंच वर आला तर सव्वा फुटातलं काय उरेल? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना हे सांगायची गरज नाही.

रस्ता आणि प्लॉट यांतला फरक मोजायला इंजिनीअर लागत नाही. पारदर्शक पाईपमध्ये पाणी भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक रस्त्याच्या मधोमध काठीला धरा, दुसरं प्लॉटमध्ये. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीत थांबतं. रस्त्यावर पाणी जमिनीपासून ३ फुटांवर आणि प्लॉटमध्ये ३ फूट ९ इंचांवर असेल, तर प्लॉट ९ इंच खाली आहे. मिस्त्रीकडे ही लेव्हल पाईप असतेच. हे माप नकाशावाल्याला द्या आणि शून्य रस्त्याच्या मधल्या माथ्यावर मांडून सगळ्या पातळ्या पुन्हा लिहून घ्या. काकांनी तसं केलं असतं तर जोतं ९ इंचांनी वर घेता आलं असतं. भिंती वर आल्यावर ते जमत नाही.

पायाची खोलीसुद्धा अशाच उणे आकड्यात असते, पण ती आरसीसी इंजिनीअरच्या कागदावरून घ्या. आपल्याकडे काळी माती कुठे किती खोल आहे हे प्लॉटप्रमाणे बदलतं आणि मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. आकडा दिसतो तेवढा खणून थांबू नका, खड्ड्याचा तळ इंजिनीअरने बघितल्याशिवाय काँक्रीट पडू देऊ नका.

लाईन-आउटच्या दिवशी

आरसीसीच्या कागदावर कॉलमना सी१, सी२ अशी नावं असतात आणि मधून एक ठिपका-रेघ-ठिपका अशी रेघ जाते. ती कॉलमची मध्यरेषा. इथली मापं भिंतीची नसतात, मध्यापासून मध्यापर्यंतची असतात. वर्किंग ड्रॉइंगवर घर २३ फूट आहे ते बाहेरून बाहेर. बाहेरचे कॉलम ९ इंची आणि भिंतीच्या बाहेरच्या कडेशी लागून आहेत, म्हणजे त्यांचा मध्य दोन्हीकडे साडेचार इंच आत. मध्य ते मध्य आलं २२ फूट ३ इंच. लांबीतही तसंच, ३५ फुटांचं ३४ फूट ३ इंच.

एखाद्याने २३ फूट हेच मध्य ते मध्य म्हणून दोरी बांधली, तर घर ९ इंचांनी रुंद होतं आणि दोन्ही बाजूंची साडेतीन फुटांची जागा ३ फूट दीड इंचावर येते. मंजूर नकाशापेक्षा घर मोठं झालं, आणि हे फुटिंग भरल्यावर कोणाच्या लक्षात आलं तर काय करायचं?

त्यामुळे चुना टाकायच्या दिवशी सकाळी तिथे असा, आणि शंभर फुटी टेप सोबत न्या. आधी प्लॉटच्या हद्दीचे दगड बघा. मग बाजूच्या हद्दीपासून पहिल्या कॉलमच्या मध्यापर्यंत माप घ्या: साडेतीन फूट अधिक साडेचार इंच, म्हणजे ३ फूट साडेदहा इंच यायला हवं. मग कॉलम ते कॉलम २२ फूट ३ इंच. शेवटी चारही कोपऱ्यांच्या कॉलमच्या मध्यांचे दोन्ही कर्ण मोजा. या घराला ते ४० फूट १० इंच यायला हवेत, दोन्ही. एक ४० फूट १० आणि दुसरा ४१ फूट आला तर कोपरा काटकोनात नाही. खुंट्या सरकवायला लावा आणि दोन्ही कर्ण सारखे आल्यावरच खोदकाम करणाऱ्याला हो म्हणा.